देवस्थान ट्रस्टच्या करसवलतीवर मेमो लिहायचाय, पुस्तक किंवा नमुना सुचवा (बजेट ३ हजार)

कृष्णाकाठ_ज्युनिअर:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ठिकाणी एका वकिलांकडे ज्युनिअर आहे. सरांनी एका गावच्या देवस्थानासाठी आयकर सवलतीवर मेमो लिहायला सांगितलाय, म्हणजे सवलत मिळते का, आणि टिकवायला काय करावं लागेल. ट्रस्ट १९८७ चा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला, आयकर सवलतीसाठी लागणारी १२एबी ची नोंदणी चालू आहे. घटनेत पूजा, उत्सव, अन्नदान आणि "गरजू विद्यार्थ्यांना मदत" एवढे उद्देश.
मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचे आकडे: दानपेटी १८ लाख, १५ गाळ्यांचं भाडं ९ लाख, आणि मुंबईच्या एका कुटुंबाने सभामंडपासाठी दिलेले १५ लाख. खर्च १७ लाख. आता विश्वस्तांना समाजातल्या मुलांसाठी वसतिगृह काढायचंय, त्याचंही मत मागितलंय.
चांगलं पुस्तक किंवा तयार नमुना सुचवा, बजेट ३ हजार आहे, प्लीज त्याच्या वर नको.

बाणेरकर_आजोबा:
पुस्तक घ्यायचं तर मोठी टीका घ्या, दोन-तीन खंडांची, १०-१२ हजाराला येते पण आयुष्यभर पुरते. मी नोकरीत असताना घेतलेला संच अजून कपाटात आहे. स्वस्तातली गाईडं घेऊ नका.

गुलमोहर७:
आजोबा तुमच्या संचात १२एबी असेल का? ते २०२१ पासून आलंय. आणि १ एप्रिल २०२६ पासून अख्खा नवा कायदाच लागू झालाय, कलमांचे नंबर सगळे बदलले.

बाणेरकर_आजोबा:
तत्त्व बदलत नाही.

पेठेतला_पप्पू:
आमच्या गणपती मंडळाला कधी एक रुपया टॅक्स लागला नाही, देवाच्या पैशाला टॅक्स नसतो भाऊ, मेमो कशाला लिहिताय. वर्गणीची पावती फाडायची आणि विषय संपला.

हिशोबनीस:
पप्पूशेठ, तुमचं मंडळ नोंदणीकृत आहे का ते इथे सांगू नका, उगाच कोणी वाचेल.

मूळ प्रश्नाबद्दल. मी ट्रस्टांचे ऑडिट करतो, त्यामुळे आधी एक सांगतो, संपलेलं वर्ष १९६१ च्या कायद्यानेच बघायचं आणि पुढचं नव्या कायद्याने, मेमोच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहून टाका नाहीतर पुढे सगळा घोळ होतो. पुस्तकाची गरज नाही, दोन्ही कायदे incometaxindia.gov.in वर फुकट आहेत.

आता तुमचे आकडे. १५ लाखांच्या पावतीवर नेमकं काय लिहिलंय ते आधी बघा, कारण सगळा मेमो त्या एका ओळीवर फिरतो. "कायम निधीसाठी" असं देणगीदाराने स्पष्ट लिहून दिलं असेल आणि ती रक्कम कायम निधी म्हणून वेगळी, कलम ११(५) ने मान्य केलेल्या ठेवीत ठेवली असेल, तर ती उत्पन्नात येत नाही. मग हिशोब २७ लाखांवर, पूर्ण सवलतीसाठी त्याच्या ८५ टक्के म्हणजे २२.९५ लाख ट्रस्टच्या उद्देशांवर खर्च व्हायला हवे होते. पावतीवर नुसतं "देणगी" असेल तर हिशोब ४२ लाखांवर जातो आणि ३५.७० लाख खर्च दाखवावा लागतो. तुमचा खर्च १७. त्यात रोखीने किती दिलेत?

कृष्णाकाठ_ज्युनिअर:
यात्रेच्या मांडववाल्याला १ लाख २० हजार एकरकमी रोख दिलेत, बाकी चेकने. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीवर "सभामंडप बांधकाम देणगी" असं लिहिलंय. कायम निधी हा शब्द नाही.

हिशोबनीस:
मग मांडव गेला. एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिलं की तो खर्च ८५ टक्क्यांत धरत नाहीत. म्हणजे धरता येईल असा खर्च १५.८० लाख. कायम निधी मान्य झाला तर तूट ७.१५ लाख, नाही झाला तर १९.९० लाख. दोन्ही गणितं मेमोत शेजारी शेजारी ठेवा.

सह्याद्री_लॉ:
देणगीदाराकडून आता एक पत्र घेऊन टाका ना, मागची तारीख टाकून. सगळे करतात.

हिशोबनीस:
सगळे करतात म्हणूनच अधिकारी आधी तेच तपासतात. पत्राचा कागद मेचा आणि तारीख ऑक्टोबरची असली की बाकी खऱ्या कागदांवरही विश्वास राहत नाही. देताना पत्र, मेल, व्हॉट्सॲप मेसेज, चेकसोबतची चिठ्ठी असं काही खरंच असेल तर ते शोधा. बांधकामासाठी नेमून दिलेली देणगी कायम निधी होऊ शकते असा युक्तिवाद करता येतो, पण "कायम निधी" शब्द नसताना ते भांडण आहे, आणि मेमोत ते भांडण म्हणूनच लिहायचं.

आणि एक उलटा काटा. तो निधी कायम निधी ठरला आणि त्यातूनच सभामंडप बांधला, तर ते बांधकाम ८५ टक्क्यांच्या खर्चात मोजलं जात नाही. नंतरच्या वर्षांच्या उत्पन्नातून ती रक्कम पाच वर्षांच्या आत निधीत परत भरली तर भरलेल्या वर्षी मोजतात. विश्वस्तांना हे आधी सांगा, नाहीतर ते म्हणणार सभामंडप बांधला की खर्च झाला.

रेशीमगाठ_नव्हे:
भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते की, मग ९ लाखांचे ६.३० च धरा. माझ्या फ्लॅटच्या भाड्याला मी तसंच करते.

हिशोबनीस:
तुमच्या फ्लॅटला मिळते ताई, ट्रस्टला नाही. ट्रस्टचं उत्पन्न व्यवहारात हातात येतं तसं मोजतात. गाळ्यांची दुरुस्ती खरंच केली असेल तर ती खर्चात येईल.

सह्याद्री_लॉ:
तूट ७ लाख असू दे नाहीतर १९, न खर्चलेली रक्कम पुढच्या खर्चासाठी साठवण्याचा फॉर्म १० भरला की पाच वर्षं मोकळे. उद्देशात "ट्रस्टचे सर्व उद्देश" टाकायचं, झालं.

हिशोबनीस:
अर्धं बरोबर. फॉर्म १० मध्ये नेमका उद्देश लागतो आणि त्याला विश्वस्तांचा ठराव लागतो. "सर्व उद्देश" लिहिलं की वाद सुरू. "सभामंडपाच्या उत्तर बाजूचं बांधकाम" लिहा ना, कोण अडवतं. पैसे ११(५) च्या ठेवीत ठेवायचे, पतसंस्थेत नाही. रिटर्नच्या मुदतीच्या किमान दोन महिने आधी तो फॉर्म जायला हवा, म्हणजे ऑक्टोबरअखेरची मुदत असेल तर ऑगस्टअखेर.

पेठेतला_पप्पू:
दानपेटीचं कोणी बोलतच नाही. निनावी पैशावर सरळ ३० टक्के कर आहे, आमच्या ओळखीच्या ट्रस्टला नोटीस आली होती.

तालुक्यातली_वकीलीण:
नोटीस येणं आणि कर लागणं यात फरक आहे. निनावी देणग्यांचं कलम ११५बीबीसी, त्यातून निव्वळ धार्मिक ट्रस्ट पूर्ण बाहेर आहे. धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही असलेला ट्रस्टही बाहेर आहे, फक्त एखाद्या शिक्षणसंस्थेसाठी किंवा रुग्णालयासाठी म्हणून दिलेली निनावी देणगी सोडून. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच धरलं, संस्थान दोन्ही प्रकारचं आहे म्हणून पेटीतल्या निनावी पैशावर हा कर नाही. विभागाचं म्हणणं होतं की ते धर्मादायच आहे, धार्मिक खर्च अगदी थोडा आहे.

म्हणून ज्युनिअर भाऊ, तुमच्या मेमोतला पहिला प्रश्न "सवलत मिळते का" हा नाहीच. पहिला प्रश्न, हा ट्रस्ट कोणत्या प्रकारचा आहे, धार्मिक, धर्मादाय की दोन्ही. घटना आणि प्रत्यक्ष खर्च दोन्हींवरून ते ठरवा. पूजा, उत्सवावर काय गेलं आणि अन्नदान, विद्यार्थ्यांवर काय गेलं असा तक्ता काढा. मग बाकीची उत्तरं आपोआप लागतात.

बाणेरकर_आजोबा:
८०जी पण घ्या म्हणावं, देणगीदाराला करात वजावट मिळते, खूश होतात. आमच्या सोसायटीच्या वाचनालयाला आहे.

तालुक्यातली_वकीलीण:
आजोबा, वाचनालयाला मिळतं. ८०जी वाल्या संस्थेला धार्मिक खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच चालतो. हे देवस्थान उत्सवावरच त्याच्या पुढे जात असणार.

वसतिगृहाचं सांगते, तेच खरं धोक्याचं आहे. "समाजातल्या मुलांसाठी" म्हणजे एका जातीच्या का?

कृष्णाकाठ_ज्युनिअर:
हो ताई, विश्वस्तांचा ठराव तसाच आहे, "आपल्या समाजातील होतकरू मुले". जातीचं नाव घालून.

तालुक्यातली_वकीलीण:
मग १३(१)(ब). १९६२ नंतरचा धर्मादाय ट्रस्ट एका धर्मसमूहाच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी असेल तर सवलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या दाऊदी बोहरा जमात निकालात सांगितलं की धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही असलेल्या ट्रस्टलाही हे कलम तपासायचं. तिथे ट्रस्ट वाचला, कारण त्याचे फायदे एका समाजापुरते मर्यादित नाहीत असं दिसलं. तुमच्याकडे आज वाचण्यासारखी घटना आहे, "गरजू विद्यार्थी", आणि विश्वस्त स्वतः तिच्यात जात घालायला निघालेत. वर नोंदणी रद्द होण्याच्या कारणांतही जातीच्या फायद्यासाठी खर्च हे आहे, आणि नोंदणी गेली की साठलेल्या मालमत्तेवर ११५टीडी चा कर, सर्वोच्च दराने. गाळे धरून मालमत्ता किती आहे बघा म्हणजे विश्वस्तांना कळेल.

अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांना त्या कलमाला अपवाद आहे. कोणता समाज ते बघा.

सह्याद्री_लॉ:
"मुलं" अपवादात आहेत मग वसतिगृह मुलांचंच आहे ना, प्रश्न मिटला.

तालुक्यातली_वकीलीण:
एका जातीची मुलं म्हणजे "मुलं" होतात का, यावर मी पैज लावणार नाही. तुम्ही लावा आणि मेमोवर सही पण तुम्हीच करा. करसवलतीच्या तरतुदीत शंका असेल तर फायदा सरकारला, हे घटनापीठाने २०१८ च्या दिलीप कुमार प्रकरणात सांगितलंय, ते पण मेमोत घ्या.

गुलमोहर७:
आणि मंदिरात "वसतिगृहासाठी" अशी वेगळी पेटी ठेवली तर? ती शिक्षणसंस्थेसाठीची निनावी देणगी होईल ना?

तालुक्यातली_वकीलीण:
चांगला प्रश्न. वसतिगृह शिक्षणसंस्था ठरेल का यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पेटीच ठेवू नका, पावती फाडा.

कृष्णाकाठ_ज्युनिअर:
अजून एक, गाळे सगळे ५,२५० ला आहेत आणि एक १,५०० ला, अध्यक्षांच्या पुतण्याला. हे लिहू का?

सह्याद्री_लॉ:
पुतण्या नातेवाईकात येत नाही. बायको, भाऊ, मुलगा एवढंच.

हिशोबनीस:
येतो. भावाचा मुलगा त्या व्याख्येत बसतो, स्पष्टीकरण वाचा. पूर्वी यावरून अख्खी सवलत जायची, आता जेवढा फायदा दिला तेवढ्या उत्पन्नावर ३० टक्के आणि वर फायद्याच्या पूर्ण रकमेएवढा दंड होऊ शकतो. महिन्याला ३,७५०, वर्षाला ४५,००० चा फरक. यासाठी देवस्थानाने बदनामी घ्यायची? भाडं सारखं करा.

पेठेतला_पप्पू:
अध्यक्षाला सांगणार कोण पण.

कृष्णाकाठ_ज्युनिअर:
सगळ्यांचे आभार. पुस्तक घेत नाही, नमुनाही नको. ३ हजारातून धर्मादाय कार्यालयातून घटना आणि परिशिष्ट १ च्या प्रमाणित प्रती काढतो, कारण ऑफिसात असलेली घटना झेरॉक्सची झेरॉक्स आहे आणि उद्देशांचं पानच पुसट आहे. मेमो दोन करणार, एक चालू सवलतीवर आणि वसतिगृहाचा वेगळा, त्यात मत "या घटनेखाली जातीच्या नावाने नको" असंच देणार. पुतण्याचं मात्र लेखी टाकत नाही, सर तोंडी बोलतील म्हणाले.

हिशोबनीस:
तोंडी? ऑडिट रिपोर्टमध्ये नातेवाईकांशी व्यवहार विचारलेले असतात, तिथे ते येणारच. लेखी टाका.

तालुक्यातली_वकीलीण:
लेखीच टाका. आणि घटना बदललीच तर ३० दिवसांत आयकरकडे नव्याने अर्ज लागतो, तेही वसतिगृहाच्या मेमोत घ्या.

कृष्णाकाठ_ज्युनिअर:
सरांशी बोलतो. पण त्यांचं आणि अध्यक्षांचं जुनं आहे.

बाणेरकर_आजोबा:
संच पाहिजे असेल तर निम्म्या किमतीत देतो. ६ हजार. कुरियर तुमचं.