मदत हवी आहे: कोर्सचे सगळे भाग सर्चमध्ये एकत्र दिसावेत म्हणून नावं कशी द्यायची?

शिकवणी_ऑनलाइन

मंडळी, यूट्यूबवर मी एक्सेलचा कोर्स टाकलाय, 18 भाग आहेत, सगळे एकाच प्लेलिस्टमध्ये. पण कोर्सचं नाव टाकून शोधलं की भाग 3 आणि भाग 11 वर येतात, बाकीचे कुठे खाली गायब, आणि प्लेलिस्ट तर दिसतच नाही. ज्याला भाग 11 आधी सापडतो तो तिथेच सुरू करतो आणि खाली कमेंटमध्ये विचारतो की आधीचं कुठंय. नावं साधारण अशी आहेत:

```
संपूर्ण एक्सेल कोर्स मराठी भाग ७ | नवशिक्यांसाठी सोप्या भाषेत | VLOOKUP
Excel शिका मराठीतून पार्ट 11 | Pivot Table
एक्सेल कोर्स - लेक्चर १२ - चार्ट
```

प्लेलिस्टचं नाव नुसतं "एक्सेल". आता सगळी नावं बदलायला बसणार आहे, पण एकदाच बदलायचीत, म्हणून आधी विचारतोय. आकडा पुढे की मागे? कोर्सचं नाव किती लांब?

धनुर्धर

आकडे 01, 02 असे दोन अंकी कर, हे सगळ्यात महत्त्वाचं. नाहीतर 1 च्या नंतर थेट 10 येतो आणि 2 खाली जातो, सगळी रांग बिघडते. आणि टॅगमध्ये सगळीकडे तेच शब्द भर.

निवांत_बसलोय

माझी प्लेलिस्टपण उलटी दिसते, शेवटचा भाग सगळ्यात वर. सेटिंगमधून क्रम बदलता येतो ना, नाव कशाला बदलायचं?

रेखा_मावशी

निवांत, तुझा प्रश्न वेगळा आहे, तो क्रमाचा. प्लेलिस्टच्या सॉर्टमध्ये Manual निवडायचं आणि भाग ओढून जागेवर लावायचे, झालं. इथे विचारलंय ते सर्चचं.

धनुर्धर, 1 नंतर 10 येतो ते जिथे नावाच्या एकेका अक्षरावरून रांग लागते तिथे. प्लेलिस्ट नावावरून लागत नाही, त्यामुळे तिथे शून्याने क्रमात फरक पडत नाही. तरी 07 लिहिणं मलाही आवडतं, कारण तेच नाव फाइलला आणि नोट्सना वापरता येतं. टॅगवर मात्र भिस्त ठेवू नकोस, यूट्यूबच्या मदतपानावरच लिहिलंय की शोधात टॅगचा वाटा फार थोडा, मुख्यतः लोक जो शब्द चुकीच्या स्पेलिंगने लिहितात त्यासाठी.

आता मूळ प्रश्न. तुमच्या तीन नावांत कोर्सचं नाव तीन प्रकारे आलंय, आणि भाग, पार्ट, लेक्चर हे तिन्ही शब्द आहेत. आपल्याला तो एकच कोर्स दिसतो, सर्चला मात्र ते वेगवेगळे शब्द. त्यातून आकडे कुठे ७, कुठे 11. देवनागरी ७ आणि इंग्रजी 7 ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी अक्षरं आहेत, ती आपोआप जुळतीलच यावर विसंबू नका. एकच पद्धत धरा. बहुतेक जण शोधताना इंग्रजी आकडे टाइप करतात, म्हणून मी तेच घेते.

दुसरं, कोर्सचं नाव लहान आणि दुसऱ्या कुणाचं नसेल असं हवं. "संपूर्ण एक्सेल कोर्स" या नावाचे ढीगभर व्हिडिओ असतील, त्यात तुमचे 18 एकत्र दिसणं अवघडच. त्याऐवजी "एक्सेल पायरीपायरीने" असं काही घ्या आणि प्रत्येक शीर्षकात अक्षरशः तसंच लिहा, एक काना इकडचा तिकडे नको.

तिसरं, विषय पुढे आणि कोर्सचं नाव मागे. मोबाईलवर शीर्षकाचा शेवट कापला जातो, तुमच्या भाग ७ मध्ये VLOOKUP अगदी टोकाला आहे म्हणजे तोच दिसत नाही, आणि शोधणारा तर त्याच शब्दासाठी आलेला असतो. मी असं लिहीन:

```
VLOOKUP चुकीचं उत्तर का देतो? | एक्सेल पायरीपायरीने 07
```

शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी यांचीही मोजणी होते, त्यामुळे आपलं वाक्य वाटतं त्याहून लवकर भरतं.

शिकवणी_ऑनलाइन

मावशी, हे फारच कामाचं. पण आकडा मागे गेला तर नवीन माणसाला कळणार कसं की ही मालिका आहे?

रेखा_मावशी

अहो, "भाग 14" पुढे दिसलं की नवा माणूस आधीचे 13 बघावे लागतील म्हणून पुढे सरकतो. मागे असला की ज्याला हवा त्याला सापडतो, बाकीच्यांना अडवत नाही. मालिका आहे हे प्लेलिस्टने सांगायचं. प्लेलिस्टचं नाव मात्र उलट्या क्रमाने, तिथे कोर्स पुढे, कारण प्लेलिस्ट शोधणारा अख्खा कोर्सच शोधत असतो:

```
एक्सेल पायरीपायरीने | संपूर्ण एक्सेल कोर्स मराठी | 01 ते 18
```

नुसतं "एक्सेल" नाव असलेली प्लेलिस्ट सापडणार तरी कशी? वर्णनातही दोन ओळी लिहा, कोर्स कुणासाठी आणि काय काय येतं. मग प्लेलिस्टच्या सेटिंगमध्ये "Set as official series for this playlist" आहे ते चालू करा, म्हणजे हे व्हिडिओ एका संचातले आहेत हे यूट्यूबला थेट कळतं. त्यात फक्त आपलेच व्हिडिओ चालतात आणि एक व्हिडिओ अशा एकाच प्लेलिस्टमध्ये राहू शकतो, म्हणून "एक्सेल टिप्स" सारखी दुसरी यादी असेल तर ती साधीच ठेवा.

आणि जुनी प्लेलिस्ट पुसून नवी करू नका, फक्त नाव बदला. नाव बदललं तरी लिंक तीच राहते, पुसली तर लोकांनी जिथे जिथे दिलीय तिथली मरते.

फोकस_नाही

मी फोटोग्राफी शिकवते, माझी अडचण जरा वेगळी. भाग 8 आणि 9 च्या मधे एक भाग राहून गेला तो आता बनवलाय. मागचे सगळे आकडे एकेकाने वाढवू का?

रेखा_मावशी

नको! कमेंटमध्ये, नोट्समध्ये, व्हिडिओत बोलतानासुद्धा "भाग 9 बघा" असं म्हटलेलं असतं, आकडे सरकले की ते सगळं खोटं पडतं. नव्याला 08.1 द्या आणि प्लेलिस्टमध्ये ओढून मधे ठेवा. याच कारणाने प्रत्येक शीर्षकात 7/18 असं लिहू नये, एक भाग वाढला की सगळी शीर्षकं बदलावी लागतात. एकूण आकडा प्लेलिस्टच्या नावात एकाच जागी असला की पुरे.

धनुर्धर

टॅगचं पटलं. पण एक्सेल देवनागरीत लिहायचं की Excel? माझे विद्यार्थी तर इंग्रजीतच टाइप करतात. मी तर दोन्ही शीर्षकात घालतो.

रेखा_मावशी

दोन्ही घातलं की जागा जाते. स्टुडिओत Analytics मध्ये ट्रॅफिक सोर्समधून YouTube search उघडा, लोक नेमके कोणते शब्द टाइप करून आले ते दिसतं. जे जास्त येतं ते शीर्षकात, दुसरं वर्णनात. यूट्यूब दोन्ही लिप्या किती जुळवून घेतं यावर मी ठाम काही सांगणार नाही, प्रत्येक विषयात वेगळं दिसलंय.

शिकवणी_ऑनलाइन

आत्ता बघितलं, माझ्याकडे "excel marathi" असं रोमन अक्षरात येणारेच जास्त आहेत, देवनागरी कमी. म्हणजे मालिकेचं नावही "Excel पायरीपायरीने" ठेवू का? पायरीपायरीने रोमनमध्ये तर प्रत्येक जण वेगळं लिहील.

फोकस_नाही

त्याच कारणाने मी मालिकेचं नाव एका शब्दाचं ठेवलंय, रोमनमध्ये एकाच प्रकारे लिहिता येईल असं.

रेखा_मावशी

हे बरोबर आहे, लांब जोडशब्द टाळा. आधी दोन-तीन नावं काढा आणि इनकॉग्निटो विंडोत शोधून पाहा, स्वतःच्या लॉगिनमधून नको, तिथे आपले व्हिडिओ जास्त दिसतात. फिल्टरमध्ये Playlist निवडलं आणि त्या नावाचं आधीच काही सापडलं, तर ते नाव सोडा. बदलल्यावरही लगेच उद्या तपासू नका, काही आठवडे जाऊ द्या, मग तोच शोध त्याच विंडोत करा.

शिकवणी_ऑनलाइन

ठीक, आज नाव ठरवतो, उद्या 01 ते 06 बदलून बघतो. पिव्होटचा भाग दोन तुकड्यांत आहे, ते 11 आणि 12 करू की 11.1 आणि 11.2, हे कुणी सांगेल का?

निवांत_बसलोय

Manual सापडलं, आभार! तुमच्या पिव्होटचे दोन तुकडे एकेकटे बघून कळतात का? कळत असतील तर मी वेगळे आकडे देईन.