प्रतिसाद: इथे राहतोय म्हणजे संमती दिली?

> "देश सोडून गेला नाहीस, रस्ते वापरतोस, म्हणजे कायदे मान्य केलेसच ना?"

हा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा मुद्दा, १६८९ चा. नुसतं हायवेवरून प्रवास केला तरी मूक संमती झाली असं तो म्हणतो. पण स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये याला चांगलंच धरलंय, की गरीब कारागिराला परकी भाषा येत नाही, रोजच्या मजुरीवर पोट, तो देश सोडणार कसा? झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाने समुद्रात उडी मारली नाही म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असं थोडीच होतं?

आपल्याकडे हाउसिंग सोसायटीत मेंबर होताना फॉर्मवर सही करतो, पटलं नाही तर फ्लॅट विकून निघता येतं. धारावीत जन्मलेल्या मुलाला असा फॉर्म कधी कोणी दिला? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सिमन्स १९७९ मध्ये हेच मांडतो, गप्प राहणं संमती ठरायला नकार द्यायची खरी सोय हवी आणि नकाराची किंमत परवडणारी हवी.

आणि म्हणून कायदे मोडा असं तो म्हणत नाही हां, सिग्नल तोडला तर समोरचा मरेल हे कारण संमतीशिवायही उरतंच, फक्त "सरकारने सांगितलं म्हणून" एवढंच कारण पुरत नाही.