हातात आले दोन लाख, परत मागितले तीन लाख

व्यवहारी_खराडी:
"जॉइनिंग बोनस घेताना हसत सही करता, वर्षभरात दुसरीकडे चार पैसे जास्त मिळाले की उडी मारता, आणि कंपनीने बोनस परत मागितला की शोषण शोषण म्हणून ओरडता. अट वाचूनच सही केली होती ना? मग पैसे टाका आणि जा. यात अन्याय कुठे आला?"

फेज_तीनवाला:
अन्याय कुठे आला ते माझ्याच हिशोबातून सांगतो. हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय की आज गप्प बसवत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये मी रुजू झालो. बोनस तीन लाख, अट अठरा महिन्यांची. पहिल्याच पगारात बोनस आला, पण माझा स्लॅब तीस टक्क्यांचा. सेस धरून 31.2 टक्के टीडीएस, म्हणजे 93,600 रुपये तिथेच कापले गेले. माझ्या खात्यात आले 2,06,400. पुढच्या वर्षी बायकोची नागपूरला बदली झाली, मुलगी लहान, म्हणून नोकरी सोडली. सप्टेंबर 2024 अखेर शेवटचा दिवस, म्हणजे चौदा महिने पूर्ण.

फुल अँड फायनलचा कागद आला त्यात एक ओळ होती: जॉइनिंग बोनस वसुली, उणे 3,00,000. शेवटचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे मिळून माझे एक लाख चाळीस हजार निघत होते, ते गेले. वर आणखी एक लाख साठ हजार भरा, मग रिलिव्हिंग लेटर देऊ, असा मेल. नव्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन त्या पत्रावाचून अडलेलं. भरले.

आता सांगा, जे 93,600 मला कधी मिळालेच नाहीत, सरकारकडे गेले, ते मी खिशातून का द्यायचे? आणि चौदा महिने केलेल्या कामाचं मोल शून्य का? महिन्याच्या हिशोबाने उरलेल्या चार महिन्यांचे 66,667 मागितले असते तर त्याच दिवशी दिले असते. अट असू नये असं माझं म्हणणं नाहीच. पण पैसे हातात आले तेवढेच मागा आणि दर महिन्याला रक्कम उतरू द्या. आणि कंपनीने स्वतः काढलं तर मागूच नका. या तीन गोष्टी नसतील तर मी तरी त्याला व्यवहार म्हणणार नाही.

एचआर_वाकड:
मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते, म्हणून लिहिते. प्लेसमेंट कन्सल्टन्सीला आम्ही वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के देतो, म्हणजे जवळपास एका महिन्याचा पगार. माणूस नव्वद दिवसांत गेला तर ते बदली उमेदवार देतात, नंतर गेला तर ते पैसे बुडाले. वर बोनस, लॅपटॉप, प्रोजेक्टवर बसवायचे दोन महिने. गेल्या वर्षी एकाने बोनस घेतला आणि सातव्या आठवड्यात फोन बंद करून टाकला. क्लायंटसमोर मी उभी होते, तो नव्हता. अशा माणसासाठी पूर्ण वसुलीच हवी.

महिन्याच्या हिशोबाने उतरती रक्कम मला मान्य आहे, आमच्याकडे ती आहेही. पण पहिले सहा महिने नाही. त्या सहा महिन्यांत गेलात तर सगळे परत.

नाशिककर_सध्या_बंगळूर:
"कंपनीने काढलं तर" हे तीन शब्द वाटतात तितके सोपे नाहीत. मला नाशिकहून बंगळूरला हलवलं, रिलोकेशनचे 75 हजार एकरकमी दिले, अट एक वर्षाची. सातव्या महिन्यात प्रोजेक्ट बंद. सहा आठवडे काम न देता बेंचवर ठेवलं आणि मग एका छोट्या खोलीत बोलावून सांगितलं, तूच राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील. मी दिला. आठवड्याने मेल आला: तुम्ही स्वेच्छेने सोडलंत, 75 हजार परत करा.

त्या खोलीत मी हो म्हटलं तेव्हा समोर पाण्याचा ग्लास होता आणि तो उचलायला माझा हात उठत नव्हता. ती स्वेच्छा होती का? अटीत "कंपनीच्या सांगण्यावरून दिलेला राजीनामा सोडून" एवढं लिहिलेलं असतं तर वाचले असते. आणि सामान हलवायचे पैसे तर खरंच ट्रकवाल्याला आणि घरमालकाच्या डिपॉझिटला गेले होते, ते माझ्याकडे साठून राहिलेले नव्हते.

कलम_सत्तावीस:
तुम्ही सगळे घाबरून पैसे भरता, हीच चूक. भारतीय करार कायदा 1872, कलम 27: माणसाला व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल. असले बॉंड कोर्टात टिकतच नाहीत. एक पैसा देऊ नका.

पेरोल_बारा_वर्षं:
असा सल्ला देऊन लोकांना खड्ड्यात घालू नका हो. 1967 साली गोलिकरी खटल्यात, तोही आपल्या कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नोकरीच्या मुदतीतलं बंधन आणि नोकरी सुटल्यावरचं बंधन यांत फरक आहे. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या खटल्यात तेच धरून तीन वर्षांची अट आणि दोन लाखांचा बॉंड वैध ठरवला. तिथे सरकारी बँकेला नव्याने जाहीर भरती करावी लागते हेही कोर्टाने पाहिलं, त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीला ते जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण "टिकतच नाहीत" हे साफ चूक.

बरं, बोनसची परतफेड हा बॉंडसुद्धा नाही. बॉंडमध्ये तुम्ही नुकसानभरपाई देता, तिथे कलम 74 येतं आणि लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा ठरते, वाजवी तेवढंच मिळतं. बोनस मात्र अटीवर दिलेला पैसा आहे, कंपनी म्हणणार की आम्ही दंड मागत नाही, आमचाच पैसा परत मागतो. तिथे तुमची बाजू जास्त कमकुवत.

कलम_सत्तावीस:
ठीक आहे, नोकरीच्या मुदतीतलं बंधन वेगळं, हे मान्य. पण रिलिव्हिंग लेटर अडवून वसुली करणं याला तुम्ही वाजवी म्हणणार का? कोर्टात जा ना मग कंपनीने.

पेरोल_बारा_वर्षं:
नाही म्हणणार. पत्र आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डॉक्टर_मिरज:
आमच्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सेवा, नाहीतर दहा लाख. तुमचे तीन लाख काय घेऊन बसलात?

फेज_तीनवाला:
डॉक्टर, तुम्हाला जवळपास फुकट शिकवलं म्हणून तो बॉंड आहे. मला कोणी शिकवलं नाही, मी शिकून आलो म्हणून बोनस दिला. दोन्ही एका तराजूत नका घालू.

मगरपट्टा_ते_मॅनहॅटन:
खरा आजार नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आहे, त्यावर कोणी बोलत नाही. इथे न्यूयॉर्कमध्ये दोन आठवड्यांत माणूस सुटतो. पुण्यात असताना मला मिळालेला "जॉइनिंग बोनस" मुळात जुन्या कंपनीचा नोटीस विकत घ्यायला दिलेला होता. म्हणजे पैसा या कंपनीतून त्या कंपनीत गेला, मी फक्त मधला पाइप. कर मात्र माझ्या नावावर आणि परतफेडीची अटही माझ्याच गळ्यात!

एचआर_वाकड:
आणि त्या नव्वद दिवसांत तुम्ही लोक काय करता? एक ऑफर हातात घेऊन आणखी चार ठिकाणी दाखवता. जॉइनिंगच्या आदल्या रात्री दीड वाजता "फॅमिली इमर्जन्सी" असा मेल. माझ्याकडे असे मेल ढिगाने आहेत.

मगरपट्टा_ते_मॅनहॅटन:
नव्वद दिवस कुणी लादले? आम्ही? तीस दिवसांवर आणा, ऑफर घेऊन फिरायला वेळच उरणार नाही. तुम्हीच पिंजरा बांधता आणि पक्षी फडफडतो म्हणून तक्रार करता.

एचआर_वाकड:
मी कंपनीची मालकीण नाही. तीस दिवसांचा प्रस्ताव मी स्वतः दोनदा वर पाठवलाय आणि दोनदा तो परत आलाय. त्यामुळे आवाज खाली ठेवा.

व्यवहारी_खराडी:
नोटीस पिरियडसाठी वेगळी चर्चा करा. माझा मुद्दा साधा होता, सही केली की पाळायचं. आणि कराचं रडगाणं तर कळतच नाही. रिटर्न भरताना परत मागा की ते 93 हजार.

पेरोल_बारा_वर्षं:
मागता येतात, पण कसे ते बघा. त्याच आर्थिक वर्षात वसुली झाली तर प्रश्नच नाही, पेरोल उरलेल्या महिन्यांत टीडीएस जुळवून घेतं. यांचा बोनस 2023-24 मधला, वसुली 2024-25 मधली. मागच्या वर्षाचा फॉर्म 16 निघून गेलेला, तो कोणी उघडत नाही. मग दोन वाटा. वसुली पेरोलमधूनच उणे कमाई म्हणून दाखवली तर यंदाचं करपात्र वेतन तेवढं घटतं आणि बराचसा कर तिथे भरून निघतो. पण बहुतेक ठिकाणी ती कर कापून झाल्यावरची कपात म्हणून टाकतात, किंवा उरलेली रक्कम थेट बँकेत भरायला लावतात. मग फॉर्म 16 मध्ये वेतन पूर्णच दिसतं आणि रिटर्नमध्ये तुम्ही कमी दाखवलंत की आकडे जुळत नाहीत, नोटीस येते. नोटीस पे, म्हणजे नोटीस पूर्ण न केल्याबद्दल कापलेले पैसे, त्यांच्या वसुलीबाबत अहमदाबादच्या आयकर न्यायाधिकरणाने 2017 मध्ये करदात्याच्या बाजूने निकाल दिलाय, त्याचा आधार घेऊन लोक भांडतात. पण 93 हजारांसाठी सीए धरून वर्षानुवर्षं भांडायची ताकद किती जणांत असते?

म्हणून फुल अँड फायनलचा मसुदा आला की सही करायच्या आधी वसुलीची ओळ कुठल्या रकान्यात आहे ते पाहा. कमाईच्या रकान्यात उणे असेल तर ठीक, कपातीच्या रकान्यात असेल तर तिथेच थांबून बदलायला सांगा.

फेज_तीनवाला:
माझी कपातीच्या रकान्यात होती. उरलेले एक साठ बँकेतून. आज कळतंय काय झालं ते.

व्यवहारी_खराडी:
बरं. हाती आलेल्या रकमेपेक्षा जास्त मागू नये, एवढं मान्य करतो. हे रकान्यांचं मला माहीत नव्हतं. पण उतरती रक्कम वगैरे मान्य नाही. अठरा म्हणजे अठरा.

फेज_तीनवाला:
सतराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी गेलेला आणि सातव्या आठवड्यात फोन बंद केलेला, दोघांकडून सारखेच तीन लाख? हे तुम्हाला खरंच पटतं?

नवीन_पदवीधर_सांगली:
माझ्या हातात सध्या एक ऑफर लेटर आहे म्हणून विचारतोय. एक लाख बोनस, प्रोबेशन संपल्यावर म्हणजे सहा महिन्यांनी मिळणार. "बोनस मिळाल्यापासून बारा महिन्यांत राजीनामा दिल्यास परत." म्हणजे मी एका वर्षासाठीच बांधलेला ना?

एचआर_वाकड:
नाही. सहा आणि बारा, अठरा महिने. रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजा, असा मेल आत्ताच टाक. सही झाल्यावर कोणी ऐकणार नाही, सहीच्या आधी ही एक ओळ आम्ही बदलून देतो, माझा अनुभव आहे. आणि "राजीनामा दिल्यास" म्हणजे राजीनाम्याचा दिवस की शेवटचा दिवस, तेही लिहून घे. नव्वद दिवसांचा नोटीस असेल तर सगळा फरक तिथेच पडतो.

नवीन_पदवीधर_सांगली:
मेल करताना त्यांनी ऑफरच मागे घेतली तर, मॅडम?

नाशिककर_सध्या_बंगळूर:
माझ्या वेळी मला हीच भीती होती, म्हणून मी विचारलंच नव्हतं.