अनुभव धागा: व्हॉट्सॲपचा पिन विसरला, सात दिवस थांबायचं आहे, तोवर नंबर कसा सांभाळला?

त्रिमूर्तीनगर, डब्यांचं काम करणारी:

माझा फोन बादलीत पडला. दुसऱ्या दिवशी नवा घेतला, जुनंच सिम टाकलं आणि व्हॉट्सॲप सुरू केलं. एसएमएसवर सहा आकडी कोड आला, तो टाकला. पुढच्या पानावर पुन्हा सहा आकडे मागितले. हा मीच दोन वर्षांपूर्वी ठेवलेला पिन होता. लग्नाची तारीख टाकून पाहिली, मुलीची जन्मतारीख टाकली, जुन्या गाडीचा नंबरही टाकला. प्रत्येक चुकीनंतर थांबायला सांगायला लागलं, म्हणून हात आवरला. "Forgot PIN?" दाबलं. पिन ठेवताना मी ईमेल दिलेला नव्हता, त्यामुळे सात दिवस थांबा असं उत्तर आलं. सोमवार होता, रात्रीचे पावणेदहा.

माझी सगळी गिऱ्हाइकं रात्री तिथंच डबा सांगतात. त्याच रात्री वहीतले नंबर काढून साध्या एसएमएसने कळवलं: पुढच्या सोमवारी रात्रीपर्यंत मी तिथं नाही, तुमच्या मेसेजला एकच टिक दिसेल, फोन करा. आणखी एक ओळ मुद्दाम घातली की या आठवड्यात माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. काम चाललं. पण झोप उडाली ती वेगळ्या काळजीने. मी आत नाही, मग या सात दिवसांत दुसरं कुणी माझ्या नंबरने आत शिरलं तर? ज्यांच्यावर ही वेळ आली, त्यांनी कसं निभावलं ते सविस्तर लिहा.

सीताबर्डी, मोबाइल दुरुस्तीचं दुकान:

ताई, घाबरू नका. तिथं दोन कुलपं आहेत. एक एसएमएसचा कोड, तो ज्याच्या हाती सिम त्याला मिळतो. दुसरा तुमचा पिन. तुमच्याजवळ आज पहिली किल्ली आहे, दुसरी नाही. चोराला दोन्ही लागतात. म्हणजे हे सात दिवस तुम्हाला बाहेर ठेवून राह्यले, तसेच त्यालाही बाहेर ठेवून राह्यले.

खरी जोखीम सात दिवस संपतात तिथं आहे. तेव्हा पिन आडवा येत नाही आणि एसएमएसचा कोड ज्याच्याकडे, तो आत. म्हणून आठवडाभर सिम तुमच्याच फोनात चालू पाहिजे. रिचार्ज संपत असेल तर आजच मारा. दुसरं, कॉल फॉरवर्ड तपासा. कोड फोन करूनही सांगितला जातो, आणि तुमचे कॉल भलत्याच नंबरवर वळले असतील तर तो कोड तिकडे ऐकू जातो. कुरिअरवाला बोलतो म्हणून गिऱ्हाइकाकडून *401* लावून एक नंबर डायल करवला, अशा केसेस माझ्याकडे आल्या आहेत. हे बघा:

```
*#21#    सगळेच कॉल वळवलेत का ते दाखवतो
##002#   सगळे फॉरवर्ड बंद
```

काही कंपन्यांच्या सिमवर पहिला कोड चालत नाही. तेव्हा फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन पाहा.

ज्यांचं ॲप अजून चालू आहे त्यांनीही ऐका जी: पिन आठवत नसेल तर फोन बदलायच्या आधी Settings, Account, Two-step verification मध्ये जा. आत असताना नवा पिन ठेवता येतो, जुना विचारत नाही. ईमेलही तिथंच टाका. हे दोन मिनिटांचं काम केलं असतं तर माझ्याकडची निम्मी मंडळी आलीच नसती.

प्रतापनगर, सेवानिवृत्त:

एवढं काहून करता? ॲप काढून परत टाका, नाहीतर सिम बदलून घ्या, पिन आपोआप जातो. माझ्या पुतण्याचं तसंच झालं होतं.

सीताबर्डी, मोबाइल दुरुस्तीचं दुकान:

नाही काका. पिन फोनात किंवा सिममध्ये नसतो, तो नंबरच्या नावावर त्यांच्याकडे असतो. ॲप दहादा काढलं तरी तोच विचारतो. तुमच्या पुतण्याचे सात दिवस तोवर भरले असतील. आणि विनाकारण सिम बदलू नका, त्यात एक दिवस जातो.

महाल, कापडाचं दुकान:

तो दिवस कसा जातो ते माझ्याकडून ऐका. कॉटन मार्केटला बसमध्ये चढताना फोन सिमसकट गेला. मी घरी जाऊन आधी चार्जर शोधला, दुसऱ्याचा फोन मागितला, सिम बंद करायला तीन तास लावले. हीच चूक. तोवर चोराने सिम दुसऱ्या फोनात घातलं असतं तर कोड त्यालाच मिळत होता. घातलंही असावं, कारण माझ्या ओळखीच्या दोघांना माझा नंबर त्या दुपारी चालू लागला होता. व्हॉट्सॲपमध्ये मात्र कुणी शिरलं नाही, आणि त्याचं श्रेय मी पिनलाच देतो.

दुसऱ्या दिवशी आधार दाखवून डुप्लिकेट सिम घेतलं. कॉल लागले, पण कोड येईना. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवतात, हे दुकानदाराने नंतर सांगितलं. म्हणजे तो दिवस आणि वर माझे सात, कारण पिन मलाही आठवत नव्हता.

मानेवाडा, नर्स:

मला पासवर्ड मागतोय आणि सात दिवस होऊन गेले तरी काही होत नाही. चॅट परत आणताना विचारतो. काय करू?

सीताबर्डी, मोबाइल दुरुस्तीचं दुकान:

ताई, तुम्ही आत गेल्या आहात ना? मग तो पिन नाही, बॅकअपचा पासवर्ड आहे. जुना फोन चालू असेल, त्यात ॲप उघडत असेल, तर तिथून तो बदलून नवा बॅकअप घ्या. जुना फोन गेला असेल तर जुन्या चॅट सोडून पुढे जावं लागेल. त्याला थांबण्याचा उपाय लागू नाही. वाईट वाटतं, पण खरं तेच आहे.

धरमपेठ, कॉलेजात शिकवतो:

माझ्या मोठ्या बहिणीने भाच्याच्या नावाने आलेल्या मेसेजवर विश्वास ठेवून एसएमएसचा कोड देऊन टाकला. चोर आत गेला आणि त्याने स्वतःचा पिन लावला. आम्ही तिच्या फोनवर नवा कोड मागवून टाकला, तर तो अनोळखी पिन आडवा आला. आम्हाला वाटलं सगळं संपलं. पण नवा कोड टाकताच चोर बाहेर फेकला गेला होता, आणि आता आम्हीही बाहेर होतो. सात दिवस खातं रिकामं पडून राहिलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार दिली, कारण मधल्या तासाभरात एका नातेवाइकाने आठ हजार पाठवले होते. त्या सात दिवसांत "लवकर उघडून देतो" म्हणणारे दोन फोन आले, दोघांनाही कोडच हवा होता.

नंदनवन, विद्यार्थिनी:

मी रोज उघडून "Forgot PIN?" दाबत होते, आणि माझे सातऐवजी नऊ दिवस झाले. दाबल्यावर मोजणी पुन्हा सुरू होते का?

धरमपेठ, कॉलेजात शिकवतो:

आम्हीही दोनदा उघडलं होतं, सातच लागले.

सीताबर्डी, मोबाइल दुरुस्तीचं दुकान:

माझ्याकडे दोन्ही तऱ्हा पाहिल्या. मी गिऱ्हाइकाला हात न लावता ठेवायला सांगतो, त्याने नुकसान तर काही नाही.

त्रिमूर्तीनगर, डब्यांचं काम करणारी:

सोमवारी रात्री पावणेदहाला उघडलं तेव्हा थोडा वेळ अजून बाकी दाखवत होता. सव्वादहाला परत पाहिलं, नवा कोड टाकला आणि पिन न मागता आत गेले. गुगलमधला बॅकअप उतरला, ग्रुप जागेवर होते. आठवडाभरातले काही मेसेज आले. दोन गिऱ्हाइकं म्हणतात आम्ही पाठवलं होतं, ते मला दिसत नाही. त्यांना फोन करून विचारते आहे.

पिन नवा ठेवला, ईमेल दिला. त्या ईमेलचा पासवर्ड आठवतो का, तेही लगेच उघडून पाहिलं. महालवाले दादा, तुमचं वाचून सिम बंद करायचा कंपनीचा नंबर मुलीच्या आणि सासूबाईंच्या फोनात घालून ठेवला आहे.