मदत हवी आहे : मशीनच्या हप्त्यामुळे होम लोन साडेपाच लाखांवर अडकलंय. हिशोब बरोबर आहे का?

लेझरवाला_४१

नमस्कार मंडळी. माझं लेझर कटिंगचं जॉबवर्क आहे, प्रोप्रायटरशिप, नऊ वर्षं झाली. ४८ लाखांचा फ्लॅट पाहिलाय. हाताशी १५ लाख आहेत. स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन धरून ३६ लाख लोन मिळालं तर जमतं.

आयटीआर-३ भरतो, नफातोटा पत्रक आणि ताळेबंद दोन्ही असतात. निव्वळ नफा २०२३-२४ ला ५,१०,००० आणि २०२४-२५ ला ६,९०,०००. जुलै २०२२ मध्ये १२ लाखांचं मशीन घेतलं, त्याचं ९ लाखांचं लोन आहे, हप्ता २०,०२०. अजून १८ हप्ते बाकी. एकही हप्ता चुकलेला नाही, सिबिल ७७८.

बँकेतल्या मुलाने फॉर्मच्या पाठीमागे पेनने हिशोब करून दाखवला. दोन वर्षांची सरासरी ६ लाख, म्हणजे महिन्याला ५०,०००. त्यातले निम्मे २५,००० हप्त्यांसाठी. त्यातून मशीनचे २०,००० गेले, उरले ५,०००. वीस वर्षांना ९ टक्क्यांनी लाखाला ९०० रुपये हप्ता, म्हणजे साडेपाच लाख. "सर, एवढंच बसतंय," म्हणाला आणि पेनचं टोपण लावलं.

साडेपाच लाखात फ्लॅटची बाल्कनीही येत नाही. सीए म्हणतो, पुढच्या वर्षीपासून ४४एडी खाली रिटर्न भरू, कटकट कमी. त्याने लोनला फायदा होईल का? आणि थोडं रोखीचं काम बिलाशिवाय होतं, खोटं कशाला बोलू. ते कुठे दाखवता येतं का?

---

पिंपळपान

जीएसटी रिटर्न दाखवा ना. उलाढाल किती आहे तुमची? बँका हल्ली जीएसटीवरच लोन देतात, आयटीआर कोणी विचारत नाही.

---

लेझरवाला_४१

उलाढाल ३८ लाखांच्या आसपास. जीएसटीआर-३बी सगळे वेळेत भरलेत. पण त्या मुलाने ते नुसते चाळले आणि बाजूला ठेवले.

---

जुना_क्रेडिटवाला

पिंपळपान, अर्धं खरं आहे. जीएसटीवर लोन देणाऱ्या योजना आहेत, पण तिथे उलाढालीवर धंद्याच्या प्रकारानुसार एक ठरावीक मार्जिन लावून उत्पन्न काढतात आणि व्याजदर जास्त असतो. नेहमीच्या होम लोनमध्ये ३बी चा उपयोग पडताळणीपुरता. आयटीआरमधली विक्री आणि ३बी मधली विक्री जुळते का, एवढंच बघतात. जुळली नाही तर मात्र प्रश्नांची सरबत्ती होते.

लेझरवाला, मी अकरा वर्षं या फायली तपासल्यात, आता सोडलं ते काम. त्या मुलाने पगारदाराचा हिशोब तुम्हाला लावलाय. व्यवसायवाल्याचा निव्वळ नफा तसाच धरत नाहीत, आधी रोख नफा काढतात. तुमच्या नफातोटा पत्रकातले दोन आकडे लिहा : घसारा किती आणि मशीन लोनचं व्याज किती. दोन्ही वर्षांचे.

---

लेझरवाला_४१

कागद काढून बसलो. घसारा १,५३,००० आणि १,३०,०५०. व्याज साधारण ८८,९०० आणि ६९,७००.

---

जुना_क्रेडिटवाला

आता बघा. घसारा हा खर्च तुम्ही वहीत लिहिलात, पण त्या वर्षी ते पैसे खिशातून गेले नाहीत. म्हणून तो नफ्यात परत मिळवतात. व्याज खरंच गेलं, पण ते नफ्यातून आधीच वजा झालेलं आहे. आणि त्या मुलाने मशीनचा पूर्ण हप्ता, म्हणजे मुद्दल आणि व्याज दोन्ही, पुन्हा वजा केला. एकच व्याज दोनदा कापलं. हप्ता वजा करायचा असेल तर व्याज आधी परत मिळवलं पाहिजे.

२०२३-२४ : ५,१०,००० + १,५३,००० + ८८,९०० = ७,५१,९००
२०२४-२५ : ६,९०,००० + १,३०,०५० + ६९,७०० = ८,८९,७५०

सरासरी ८,२०,८०० च्या आसपास, महिन्याला ६८,४००. तुमच्या उत्पन्नावर नवीन पद्धतीत कर शून्य आला असणार, म्हणून तो धरला नाही. निम्मे ३४,२००. मशीनचा हप्ता वजा जाता १४,२००. म्हणजे पावणेसोळा लाख. कागद तेच, फक्त वाचले नीट.

---

शून्यबाकी

हे पटलं नाही. व्याज परत धरायचं, घसारा परत धरायचा, म्हणजे खर्च काही झालाच नाही का? उद्या मशीन बिघडलं तर नवीन मशीन कशातून घेणार?

---

जुना_क्रेडिटवाला

शंका रास्त आहे, आणि काही क्रेडिट मॅनेजर नेमकं हेच म्हणतात. मशीन म्हातारं दिसलं तर पूर्ण घसारा धरायला नाखूश असतात. पण इथे मशीनचं मुद्दल हप्त्यातून वजा होतंच आहे. त्याच मशीनचा घसाराही कापलात तर एका मशीनची किंमत दोनदा वसूल होते. व्याजाबद्दल तर वाद असायचं कारणच नाही.

---

सुगरणीचा_डबा

मी केटरिंग करते. माझं लोन बँक स्टेटमेंटवर झालं होतं, आयटीआर फक्त फाइलीला लावले. दर महिन्याच्या ५, १५, २५ तारखेला खात्यात किती शिल्लक होती, त्याची वर्षाची सरासरी काढली त्यांनी. मी बापडी दर चार तारखेला सगळ्या पुरवठादारांचे पैसे चुकते करायची, त्यामुळे पाच तारखेला खातं रिकामं! आठ महिने थांबून पैसे द्यायची तारीख सहा केली, मग बसलं. पण व्याज बँकेपेक्षा दीड टक्का जास्त लागतंय, अजून भरतेय.

---

मिथुन_रास

माझा पगार ६२,००० आहे, फॉर्म १६ आहे. मित्राला जामीन राहिलो होतो, त्याने हप्ते थकवले, माझं लोन नाकारलं. मी पण व्यवसाय दाखवू का? घसारा मिळेल का मला?

---

जुना_क्रेडिटवाला

मिथुन, तुमचा प्रश्न उत्पन्नाचा नाहीच. जामीन राहिलेलं लोन तुमच्याही सिबिलला दिसतं. आधी मित्राला गाठा. वेगळा धागा काढा, बोलू.

लेझरवाला, खरी मेख पुढे आहे. तुमचे १८ हप्ते बाकी. व्याजदर किती आहे? १२ टक्के असेल तर आज मुद्दल साधारण ३ लाख २८ हजार उरलं असेल. ते फेडलंत की २०,००० चा हप्ता गेला आणि पूर्ण ३४,२०० मोकळे झाले. लाखाला ९०० ने भागा, ३८ लाख येतात. सव्वातीन लाख फेडल्याने पात्रता बावीस लाखांनी वाढते.

---

लेझरवाला_४१

१२ टक्केच आहे. हे वाचून खुर्चीतून उठलो. उद्याच बंद करतो!

---

जुना_क्रेडिटवाला

थांबा, घाई नको. आधी लोन फेडून बसलात आणि बँकेने दुसऱ्याच कारणाने नाकारलं, तर हातची रक्कम गेली. अर्जासोबत लोनचं स्टेटमेंट आणि हप्त्यांचं शेड्यूल जोडा, आणि सँक्शन लेटरमध्ये अट लिहून घ्या की मशीन लोन डिस्बर्समेंटच्या आधी बंद करायचं. मग फेडा आणि एनओसी द्या. सिबिलमध्ये लोन बंद झाल्याचं दिसायला वेळ लागतो, तोवर एनओसी आणि खात्यातून पैसे गेल्याची नोंद चालते. जुन्या लोनला फोरक्लोजर चार्ज आहे का, तेही करारात बघा.

४४एडी च्या नादी निदान आत्ता लागू नका. तिथे नफा उलाढालीच्या टक्क्यांवर ठरतो आणि घसारा त्यातच आला असं धरतात. परत मिळवायला काही उरत नाही. वर ताळेबंदही नसतो. तुमच्यासारख्या मशीनवाल्याला पुस्तकं ठेवण्याचाच फायदा आहे. सीएंची कटकट कमी होईल, तुमची वाढेल.

बिलाशिवायचं काम बँकेसाठी नाहीच. ते मांडायला गेलात तर विक्री लपवता हे स्वतःच सांगितल्यासारखं होईल.

---

पिंपळपान

मग मागच्या वर्षांचे अपडेटेड रिटर्न भरून उत्पन्न वाढवायचं. भाच्याने केलं तसं.

---

जुना_क्रेडिटवाला

भाच्याचं झालं असेल. पण अपडेटेड रिटर्नवर जादा कर लागतो, आणि फाइल उघडली की आमची नजर आधी रिटर्न भरल्याच्या तारखेवर जायची. दोन वर्षांचे रिटर्न एकाच आठवड्यात भरलेले दिसले की पुढचं वाचायच्या आधीच मत बनतं. लेझरवाला, तुमच्या तारखा काय?

---

लेझरवाला_४१

२०२३-२४ चा उशिरा, डिसेंबरमध्ये भरला होता. २०२४-२५ चा सप्टेंबरमध्ये, मुदतीत.

---

जुना_क्रेडिटवाला

चालेल. डिसेंबरचं कारण विचारतील, सरळ सांगा.

---

शून्यबाकी

पैशांचं गणित मात्र बसत नाही हो. १५ लाखांतून ३.३ लाख मशीनला गेले, स्टॅम्प ड्यूटी-रजिस्ट्रेशनला ३.२ लाख धरा. उरले साडेआठ. ४८ लाखांना लोन साडेएकोणचाळीस लागेल. ३० ते ७५ लाखांच्या लोनला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देतात, म्हणजे ३८.४०. लाखभर कमी पडतात, आणि पात्रताही काठावरच.

---

जुना_क्रेडिटवाला

बरोबर, हे माझ्याकडून राहिलं. काही ठिकाणी निम्म्याऐवजी ५५ टक्के धरतात, तिथे पात्रता ४१ च्या पुढे जाईल. पण ८० टक्क्यांची भिंत हलत नाही. लाख-दीड लाखाची सोय बाहेरून करावी लागेल, आणि ती दुसरं कर्ज काढून नको, नाहीतर पुन्हा हप्ता वजा होईल.

---

लेझरवाला_४१

अपडेट. दुसऱ्या बँकेत गेलो. तिथल्या क्रेडिट मॅनेजर बाईंनी स्वतः फोन करून वीस मिनिटं विचारलं : गिऱ्हाईक किती, सर्वात मोठं गिऱ्हाईक कोणतं, मशीनची वॉरंटी किती राहिली. घसारा दोन्ही वर्षांचा धरला. व्याजाचं मी शेड्यूल दाखवल्यावर "हो, हे यायला हवं" म्हणाल्या. मशीन लोन बंद करण्याची अट घालून ३६ लाखांपर्यंत बघू, असं तोंडी सांगितलंय. लेखी अजून काही नाही.

म्हणजे आता साडेतीन लाख कमी पडतात. बायकोच्या शिकवण्यांचे पैसे आहेत, पण तिचा आयटीआर कधीच भरलेला नाही, त्यामुळे सहअर्जदार म्हणून तिचं उत्पन्न धरणार नाहीत. बिल्डर किंमत दोन लाख कमी करेल का, हे रविवारी बघतो. कोणाला अनुभव आहे का, आधी सँक्शन लेटर दाखवून घासाघीस करावी की न दाखवता?

---

सुगरणीचा_डबा

न दाखवता. लोन मंजूर झालंय हे कळलं की तो एक रुपया सोडत नाही.

---

शून्यबाकी

उलट. मला लेटर बघूनच कमी केले होते, पैसे नक्की येणार म्हणून.