मदत हवी आहे: जपानी क्लायंटचं 'योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु' म्हणजे होकार समजायचा का?

सदाशिव_कोडर
लवकर उत्तर हवंय. आमच्या जपानी क्लायंटला काल दोन पर्याय पाठवले होते. आज सकाळी त्यांचं मेल आलं, शेवटी 'योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु'. मॅनेजर म्हणतात होकार आला, सोमवारपासून टीमला कामाला लावा. नेटवर शोधलं तर कुठे 'धन्यवाद', कुठे 'कृपया', कुठे 'भेटून आनंद झाला' असे अर्थ दिलेत. नक्की अर्थ काय? हो की नाही एवढंच सांगा.

आबा_कोथरूड
'भेटून आनंद झाला' हाच बरोबर. आधी 'हाजिमेमाशिते', मग आपलं नाव आणि शेवटी 'दोझो योरोशिकु ओनेगाइशिमासु'. म्हणताना कमरेतून वाकायचं. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, घेतलेलं लगेच खिशात कोंबायचं नाही.

सदाशिव_कोडर
काका, ओळख केव्हाच झालीय. प्रश्न कामाच्या मेलचा आहे.

पराग_एन३
मेलच्या शेवटी असेल तर सोडून दे. 'इजो, योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु' म्हणजे आपलं 'कळावे, आपला विश्वासू'. प्रत्येक मेलखाली असतं, त्यातून होकार-नकार काढू नकोस.

मृणाल_नागोया
पराग, आधी 'इजो' असेल तर तुझं बरोबर. 'इजो' म्हणजे 'इतकंच सांगायचं होतं', त्यापुढचं योरोशिकु मेल बंद करण्यापुरतं. पण हेच शब्द एखाद्या मागणीला जोडून आले की ती मागणी खरीखुरी असते. 'गो-काकुनिन नो होदो, योरोशिकु' आलं तर तुम्ही तपासून कळवायचं असतं. 'गो-केन्तो नो होदो' असेल तर विचार करून उत्तर द्यायचं. 'हिकित्सुझुकि योरोशिकु' असेल तर चाललंय ते पुढेही असंच चालू द्या. प्रत्येक वेळी शेवटचे शब्द तेच, काम वेगळं.

सदाशिव, त्याच्या आधीचं वाक्य टाका. मेल कोणी लिहिलंय, रोज बोलता ते की खरेदी विभाग? आणि कोणाच्या नावाने आलंय?

सदाशिव_कोडर
प्रोजेक्ट बघणाऱ्यांनी लिहिलंय. मॅनेजरच्या नावाने आहे, मी सीसीत. आधी चार ओळी आहेत पण मला सगळ्या कांजी येत नाहीत. वाक्प्रचाराचा अर्थ कळला की काम होईल असं वाटलं होतं.

शोगीप्रेमी
जपानी बुद्धिबळात, म्हणजे शोगीत, डाव सुरू व्हायच्या आधी दोघे वाकून 'ओनेगाइशिमासु' म्हणतात. हरणारा स्वतः 'माकेमाशिता' म्हणतो आणि मग दोघे आभार मानतात. तिथे कोणी कोणाकडे काही मागत नाही, 'चला, आता मनापासून खेळू' एवढंच. तुमच्या मेलमध्येही 'चला, सुरू करू' असंच असणार.

देवकी_ओ
शोगीवरून मेलचा अर्थ कसा काढणार? मिस्टरांना ओसाकाच्या ऑफिसातून 'ओकुसामा नि योरोशिकु ओत्सुताए कुदासाइ' आलं होतं. ते 'बायकोला माझा नमस्कार सांगा' असं होतं. योरोशिकु तिथेही होतं, पण कामाशी काही संबंध नव्हता.

सदाशिव_कोडर
सहकारी मैत्रिणीकडून वाचून घेतलं. शेवटच्या दोन ओळी अशा:
'ए-आन नो होको दे सुसुमेताइ तो कांगाएते ओरिमासु. त्सुकिमाशितेवा, ओमित्सुमोरी नो होदो, योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु.'
आता तरी हो का?

पराग_एन३
'सुसुमेताइ' म्हणजे पुढे जायचंय. पर्याय ए निवडला. तुझे मॅनेजर बरोबर आहेत, सुरू करा.

मृणाल_नागोया
नाही, सुरू करू नका. 'ए च्या दिशेने जावं असा आमचा विचार आहे.' ही इच्छा झाली, हुकूम नाही. पुढचं 'त्सुकिमाशितेवा' महत्त्वाचं आहे, त्याचा अर्थ 'तेव्हा त्यासाठी'. आणि योरोशिकु कशाला जोडलंय बघा: ओमित्सुमोरी, म्हणजे दरपत्रक. त्यांनी कोटेशन मागितलंय. त्या ओळीतलं 'योरोशिकु' म्हणजे 'तेवढं कोटेशन पाठवा'.

त्यांना पर्याय पक्का करायचा असता तर बहुधा 'ए-आन दे ओनेगाइशिमासु' लिहिलं असतं. हॉटेलात मेनूवर बोट ठेवून '...दे ओनेगाइशिमासु' म्हणतात तसं. 'दे' ने निवड झाली. 'नो होदो' ने मागणी झाली. मी तरी आधी हेच बघते.

पराग_एन३
मृणालताई, व्याकरण मान्य. पण जपानी लोक थेट 'सुरू करा' कधी म्हणतात? 'विचार आहे' हाच त्यांचा होकार. कोटेशन औपचारिकता असते.

मृणाल_नागोया
प्रोजेक्टवाल्यांच्या मनात होकार असेलही. पण पैसे त्यांच्या सहीने सुटत नाहीत. मोठ्या कंपन्यांत रिंगीचा कागद फिरतो, वरच्या एकेकाचा शिक्का लागतो, आणि त्या कागदाला तुमचं कोटेशन जोडावं लागतं. ते आत्ता मागतायत म्हणजे कागद अजून फिरायचाय, असा माझा अंदाज. आकडा जास्त वाटला तर हेच लोक पर्याय बी वर येतील.

कोल्हापूरकर_एम्बेडेड
आमच्याकडे नेमकं हेच झालं. कॉलच्या शेवटी तिकडून 'देवा, योरोशिकु ओनेगाइशिमासु', आमच्या साहेबांनी काम सुरू केलं. ते फक्त 'बरं, ठेवतो' होतं. चुमोनशो, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, आलीच नाही, नंतर व्याप्ती निम्मी झाली आणि केलेल्या कामाचे पैसे मागायला हातात कागद नव्हता. चुमोनशो येईपर्यंत हात लावू नका.

सदाशिव_कोडर
पटलं. पण मॅनेजरना कसं सांगू? ते म्हणतात पुन्हा विचारलं तर क्लायंटला वाटेल यांना जपानी कळत नाही.

मृणाल_नागोया
असं विचारलेलं तिकडे खटकत नाही. कोटेशनचा दिवस सांगायच्या निमित्तानेच विचारा:

'शोची इताशिमाशिता. ओमित्सुमोरीशो वा किन्योबि नि ओओकुरि इताशिमासु. चाकुशु वा चुमोनशो ओ इतादाइते कारा दे योरोशिइ देशो का.'

समजलं, कोटेशन शुक्रवारी पाठवतो, चुमोनशो मिळाल्यावर काम सुरू केलं तर चालेल ना. उत्तरात 'सोरे दे ओनेगाइशिमासु' आलं तर विषय संपला. 'साकि नि चाकुशु' असं काही आलं तर त्यांना आधी सुरुवात हवी आहे, मग निदान मेलवर तारीख आणि तास लिहून घ्या.

पराग_एन३
'र्योकाइ शिमाशिता' चालेल की, रोज तेच लिहितो आम्ही.

मृणाल_नागोया
टीममध्ये चालतं. क्लायंटला 'शोची इताशिमाशिता' लिहा. ते वाचून कोणी नाराज होत नाही, 'र्योकाइ' वाचून काही जण होतात.

सदाशिव_कोडर
आणि माझ्या मेलखाली मीही 'योरोशिकु' लिहायचं का? मागत तर काहीच नाहीये.

देवकी_ओ
मागताय की, चुमोनशो. लिहा.

मृणाल_नागोया
हो, शेवटी एकदा. मध्ये कुठे आलंच असेल तर तिथलं काढून 'ओनेगाइ इताशिमासु' एवढंच ठेवा, एकाच मेलमध्ये तीनदा वाचायला जड होतं.

आबा_कोथरूड
नवीन वर्षाला 'कोतोशि मो योरोशिकु' पाठवतात ना? ३१ डिसेंबरला पाठवलं तर चालेल का, दुसऱ्या दिवशी गडबड असते.

मृणाल_नागोया
आबा, १ जानेवारीलाच पाठवा. 'आकेमाशिते ओमेदेतो' म्हणजे वर्ष उजाडलं, अभिनंदन. 'कोतोशि' म्हणजेही हे चालू वर्ष. आदल्या दिवशी 'योइ ओतोशि ओ' म्हणतात.

सदाशिव_कोडर
मेल पाठवलं. मॅनेजर अजून म्हणतायत की डिझाइनचं काम निदान सुरू करू, ते फुकट जाणार नाही. ते मात्र मला थांबवता येईलसं दिसत नाही.

कोल्हापूरकर_एम्बेडेड
डिझाइनचे तास कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून टाका. आमच्याकडे ती ओळ नव्हती.