सभेचं प्रेझेंटेशन कशात करायचं? (सोसायटी ग्रुप, सोमवार)

जोशी काका, सेक्रेटरी (बी-२०३): नमस्कार मंडळी. वार्षिक सभा २० तारखेला रविवारी, सकाळी १०, नेहमीप्रमाणे खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये. प्रेझेंटेशन करायचंय. मी अहवाल लिहिणार, कुलकर्णी ताई हिशोब देणार, ऋतुजा म्हणाली सजावट मी बघते. आता ते कशात करायचं ते सांगा, मला फक्त पॉवरपॉइंट येतं, तेही जेमतेम.

ऋतुजा (सी-५०२): काका कॅनव्हात करूया ना, किती छान टेम्प्लेट्स आहेत, अर्ध्या तासात होतं 😊

साळुंखे (ए-३०२): मागच्या वर्षी कॅनव्हातच होतं. पार्किंगमध्ये नेट नाही, ते गोल गोल फिरत बसलं, चाळीस माणसं खुर्च्यांवर आणि आपण एकेकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट मागत फिरत होतो. शेवटी काकांनी कागदावरून वाचून दाखवलं. विसरलात का सगळे?

ऋतुजा (सी-५०२): ते डाउनलोड करून ठेवलं नव्हतं म्हणून झालं, त्यात कॅनव्हाचा काय दोष

निखिल (ए-४०४): दोघांचंही बरोबर आहे. ऑफिसमध्ये मी दिवसभर हेच करतो म्हणून सांगतो. आधी तीन प्रश्न विचारा. किती जण मिळून लिहिणार, दाखवायच्या जागी नेट आहे का, आणि शेवटी हातात काय हवं, म्हणजे पडद्यावर दाखवायचं, छापायचं की ग्रुपवर पाठवायचं. आपल्याकडे लिहिणारे तिघं, ताई नाशिकला मुलीकडे, जागेवर नेट नाही आणि शेवटी पडदा. म्हणजे लिहायला एक साधन आणि दाखवायला दुसरं. एकाच ठिकाणी सगळं बसवायला गेलं की मागच्या वर्षीसारखं होतं.

कुलकर्णी ताई, खजिनदार (ए-१०१): निखिल, मग लिहायचं कशात? मी मागच्या वर्षी काकांना फाइल पाठवली, काकांनी बदलून परत पाठवली, मी तोपर्यंत माझ्याकडच्या जुन्या फाइलमध्ये दुरुस्ती करून बसले होते, आणि सभेत दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि ताळेबंदात वेगळा. नको तो प्रकार.

निखिल (ए-४०४): म्हणूनच लिहायला ब्राउझरमधलं. गुगल स्लाइड्स. एकच फाइल, तिघंही एकाच वेळी आत, ताईंनी नाशिकहून आकडा बदलला की काकांना तो इथे लगेच दिसतो, पाठवापाठवी नाही. काकांना पॉवरपॉइंटचीच सवय असेल तर ब्राउझरमधलं पॉवरपॉइंटही आहे, मायक्रोसॉफ्टचं फुकट अकाउंट पुरतं, फाइल वनड्राइव्हवर राहते. पण आपल्या तिघांचीही जीमेल अकाउंट्स आहेत, नवीन पासवर्ड कोण लक्षात ठेवणार.

पाटील (डी-१०३): मध्येच विचारतो, टँकर आला का?

जोशी काका, सेक्रेटरी (बी-२०३): ११ ला येतोय. बरं, निखिल, फाइल बनवली, ही लिंक टाकतोय सगळ्यांनी बघा.

जोशी काका, सेक्रेटरी (बी-२०३): अरे यात कोणीतरी आहे, आणि माझी चार नंबरची स्लाइड कुठे गेली? लिफ्टच्या देखभालीची.

निखिल (ए-४०४): काका लिंक Editor करून टाकलीत तुम्ही, ६४ फ्लॅट्स आहेत ग्रुपमध्ये, कोणाच्या तरी पोराने डिलीट मारलं असणार. घाबरू नका. File > Version history > See version history मध्ये जा, उजवीकडे वेळा दिसतील, ११:१० ची उघडा, स्लाइड तिथे असेल. पण लगेच Restore करू नका! त्याने पूर्ण फाइल ११:१० ला जाते आणि ताईंनी त्यानंतर जे टाकलं तेही जातं. त्या वेळेपुढच्या तीन टिंबांतून Make a copy करा, त्या कॉपीमधून फक्त ती एक स्लाइड कॉपी करून मूळ फाइलमध्ये चिकटवा.

जोशी काका, सेक्रेटरी (बी-२०३): आली! 🙏

निखिल (ए-४०४): आता Share मध्ये जाऊन लिंकवाल्यांना Viewer करा, आणि ताई, ऋतुजा यांना ईमेल टाकून Editor. बाकी सभासदांना सभेआधी काय बघायचं असेल ते बघू देत.

साळुंखे (ए-३०२): मग सभेला परत नेटच लागणार की. तोच प्रकार.

निखिल (ए-४०४): नाही लागणार. गुगल स्लाइड्सचं ऑफलाइन आहे, पण ते त्याच लॅपटॉपवर, क्रोममध्ये, त्याच अकाउंटने आधी नेट असताना चालू करून ठेवावं लागतं, पार्किंगमध्ये गेल्यावर करायचं म्हटलं तर होत नाही. मी त्यावर भरवसा नाही ठेवत. गुरुवारी रात्री लिहिणं बंद, त्यानंतर कोणी काही बदलायचं नाही. मग File > Download मधून .pptx काढायची, ती सोसायटीच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंटमध्ये उघडायची, तिथून दाखवायची. पॉवरपॉइंट हे मशीनवर बसलेलं असतं, त्याला नेट असलं काय नसलं काय.

ऋतुजा (सी-५०२): मग कॅनव्हातूनही .pptx निघते, तेच करूया की, मी तशीच देते

निखिल (ए-४०४): करून बघ आत्ता, एकच स्लाइड. मराठी हेडिंग ठेव, उद्या बोलू असं नको, आजच बघ.

ऋतुजा (सी-५०२): थांब

ऋतुजा (सी-५०२): 😐 उघडली घरच्या लॅपटॉपवर. हेडिंग एका ओळीत होतं ते दोन ओळींत गेलं आणि खालच्या टेबलावर चढलं. फॉन्ट वेगळाच आहे. पण वर फॉन्टच्या चौकटीत नाव तेच दिसतंय जे मी लावलं होतं.

निखिल (ए-४०४): तिथेच सगळे फसतात. फॉन्टच्या चौकटीत फाइलमध्ये लिहिलेलं नाव दिसतं, तो फॉन्ट मशीनवर आहे की नाही ते नाही दिसत. नसला की विंडोज स्वतःचा देवनागरी फॉन्ट लावून मोकळं होतं, बहुतेक वेळा निर्मला किंवा मंगल, आणि त्यांची अक्षरं कमीजास्त रुंद असतात म्हणून ओळी तुटतात. इंग्रजीत फरक जाणवतही नाही कित्येकदा, मराठीत मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं आली की लगेच दिसतो. आणि हे गुगल स्लाइड्सलाही होणार, कॅनव्हाचा एकटीचा दोष नाही. म्हणून मी सगळीकडे मुक्ता हा एकच फॉन्ट ठेवणार, तो गुगल फॉन्ट्सवरून फुकट मिळतो, झिप उघडून फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून Install, आणि पॉवरपॉइंट बंद करून परत उघडायचं. मग गुगलमध्ये जे दिसलं त्याच्या जवळपास ऑफिसच्या लॅपटॉपवर दिसतं. त्यानंतर File > Options > Save मध्ये Embed fonts in the file वर टिक करायची, म्हणजे ऐनवेळी लॅपटॉप बदलावा लागला तरी फॉन्ट फाइलबरोबर जातो. फाइल थोडी मोठी होते, होऊ दे.

ऋतुजा (सी-५०२): मग मी काय करू? 😢

निखिल (ए-४०४): तुझं काम आहे की. नोटीस! ती लिफ्टजवळ छापून लावायची आणि ग्रुपवर टाकायची, तिथे कोणी नंतर आकडे बदलणार नाही, तिथे कॅनव्हासारखं काही नाही. कॅनव्हात ए४ घे, डाउनलोडला PDF Print निवड म्हणजे छापताना अक्षरं फुटणार नाहीत, आणि ग्रुपसाठी वेगळी पीएनजी काढ. फक्त प्रोचं चिन्ह असलेली चित्रं घेऊ नकोस, फुकट अकाउंटवर डाउनलोडला पैसे मागतं नाहीतर वॉटरमार्क येतो. आणि प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड, तिचं मागचं चित्र कॅनव्हात कर, पण त्यावर अक्षरं न टाकता, नुसतं चित्र पीएनजी दे, मजकूर आपण स्लाइड्समध्ये लिहू. असं केलं की सजावट तुझी आणि अक्षरं आपल्या हातात.

जोशी काका, सेक्रेटरी (बी-२०३): ऋतुजा नोटीस आजच्या आज हवी हं.

कुलकर्णी ताई, खजिनदार (ए-१०१): माझे दोन आलेख एक्सेलमध्ये तयार आहेत, खर्चाचा आणि दुरुस्ती निधीचा. ते मागच्या वर्षीसारखेच कॉपी करून पॉवरपॉइंटमध्ये टाकू ना?

निखिल (ए-४०४): ताई, थांबा. मागच्या वर्षीची हिशोबाची .pptx तुम्ही ग्रुपवर टाकली होती, मी आत्ता उघडून बघितली. आलेखावर राइट क्लिक, Edit Data केलं तर तुमची पूर्ण एक्सेल उघडते. एकटा खर्चाचा तक्ता नाही, खालच्या टॅबमध्ये थकबाकीची यादीसुद्धा, फ्लॅट नंबर आणि रकमांसकट.

कुलकर्णी ताई, खजिनदार (ए-१०१): काय सांगतोस!! मी तर फक्त आलेख चिकटवला होता

निखिल (ए-४०४): चिकटवताना Paste Options मध्ये Embed Workbook वाला पर्याय पडला असणार, त्यात पूर्ण वर्कबुक फाइलच्या आत जातं. दुसरा पर्याय Link Data चा, त्यात आलेख तुमच्या मशीनवरच्या एक्सेलला बांधलेला राहतो, इथे Edit Data केलं की फाइल सापडत नाही म्हणून येतं. दोन्ही नकोत. शेवटचा, Picture, तो घ्यायचा. आलेख चित्र होतो, आत काही लपलेलं राहत नाही. पण मग त्यात आकडा बदलायचा तर एक्सेलमध्ये बदलून परत चित्र काढावं लागतं, म्हणून आलेख सगळ्यात शेवटी, गुरुवारनंतर, ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकू. तुम्ही फक्त पक्के झालेले आलेख द्या.

साळुंखे (ए-३०२): आणि ती मागच्या वर्षीची ग्रुपवरची फाइल?

निखिल (ए-४०४): वर्ष झालं, आता सगळ्यांच्या फोनमधून ती काढून घेता येत नाही. ज्यांनी डाउनलोड केली असेल त्यांनी कृपया उडवा. ह्यावर्षी ग्रुपवर .pptx टाकायचीच नाही, सभेनंतर पीडीएफ टाकू. पीडीएफ काढताना फॉन्ट त्यातच जातात म्हणून मोबाइलवरही ओळी तुटणार नाहीत, आणि ऐन सभेत पॉवरपॉइंटने दगा दिला तरी तीच पीडीएफ ॲडोबी रीडरमध्ये उघडून Ctrl+L दाबून पूर्ण पडद्यावर दाखवता येईल. ॲनिमेशन जाईल, तसंही काकांना लिफ्टचा खर्च भिरभिरत यायला नकोच आहे.

जोशी काका, सेक्रेटरी (बी-२०३): 😄 नको नको. मग शनिवारी संध्याकाळी ७ ला खाली येतो, लॅपटॉप, प्रोजेक्टर घेऊन. तालीम करू.

निखिल (ए-४०४): या. लॅपटॉपचं वायफाय बंद करून, हॉटस्पॉट न जोडता पहिल्यापासून शेवटच्या स्लाइडपर्यंत जाऊ. नेट नसताना जे दिसतं ते रविवारी दिसेल. पेनड्राइव्हवर .pptx आणि पीडीएफ दोन्ही.

पाटील (डी-१०३): मी एक्स्टेन्शन बॉक्स आणतो. आणि टँकर आला का?